क्लिअर, डिलीट आणि अर्काइव्ह: आईच्या फोनवर बोट ठेवण्याआधी

प्रश्न: "आईच्या फोनची मेमरी फुल झालीय, व्हॉट्सॲपचे व्हिडिओच उघडत नाहीत. सोसायटीच्या ग्रुपचं क्लिअर चॅट करू, डिलीट करू की अर्काइव्ह? फरक काय नक्की? आणि मामाचे जुने मेसेज तिला हवे आहेत, ते चुकून उडाले तर मामाकडूनही जातात का?"

शेवटचं आधी सांगतो, म्हणजे जीव भांड्यात पडेल. मामांच्या फोनमधलं काहीही जाणार नाही. व्हॉट्सॲपवर क्लिअर करा, डिलीट करा नाहीतर अर्काइव्ह करा, ते फक्त तुमच्या खात्यापुरतं असतं. समोरच्याकडे त्याची प्रत आहे तशी राहते आणि त्याला काही कळतही नाही. दोघांकडून मेसेज काढायचा तर "Delete for everyone" हा वेगळा पर्याय आहे. तो एकेका मेसेजला लागतो, आणि आपण पाठवलेला मेसेज पाठवल्यापासून दोन दिवसांहून थोडा जास्त वेळच तसा काढता येतो.

आता फरक. एका चॅटचे तीन भाग असतात असं धरा. एक, चॅटच्या यादीत दिसणारी नावाची ओळ. दोन, त्या ओळीच्या आतले मेसेज. तीन, त्या मेसेजसोबत आलेले फोटो-व्हिडिओ, जे फोनमध्ये वेगळ्या फाइली म्हणून पडलेले असतात. अर्काइव्ह फक्त ओळीला हात लावतं: ती मुख्य यादीतून उचलून वरच्या "Archived" कप्प्यात ठेवतं, आतलं सगळं जागच्या जागी. क्लिअर आतले मेसेज पुसतं, पण ओळ तशीच ठेवतं. मामांचं नाव यादीत दिसेल, उघडलं की रिकामं. डिलीट मेसेजही पुसतं आणि ओळही काढतं. फोनमधला नंबर मात्र त्याने जात नाही, आणि मामांनी उद्या "कशी आहेस ताई" लिहिलं की नवी ओळ आपोआप तयार होते.

मेमरी खातो तो तिसरा भाग, म्हणजे फाइली. नुसत्या अक्षरांना फारशी जागा लागत नाही, लागते ती व्हिडिओंना. क्लिअर किंवा डिलीट करताना अँड्रॉइडवर जो चौकोन येतो त्यात खाली एक टिक असते: या चॅटमध्ये आलेला मीडिया फोनच्या गॅलरीतूनही काढायचा का? ही टिक नसेल तर मेसेज गेले तरी फाइली फोनमध्येच राहतात आणि जागा मोकळी होत नाही. टिक असेल तर फोटोही जातात. बरेच जण इथेच फसतात, आणि दोन्ही बाजूंनी फसतात. एकाला वाटतं, क्लिअर केलं तरी मेमरी का भरलेली? दुसऱ्याला वाटतं, मी तर फक्त मेसेज पुसले, मग लग्नाचे फोटो कुठे गेले? बहुतेक व्हर्जनमध्ये तारा लावलेले मेसेज ठेवायचे की काढायचे हेही तिथेच विचारतात. त्या चौकोनातल्या टिका सावकाश वाचा, घाईने खालचं बटण दाबू नका.

अर्काइव्हने जागा वाचत नाही हे तर उघड आहे, पण एक गोष्ट लक्षात येत नाही. अर्काइव्ह केलेल्या ग्रुपमध्येही मेसेज येतच राहतात, आणि फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड करण्याची सेटिंग चालू असेल तर तेही उतरत राहतात. म्हणजे ग्रुप नजरेआड झाला, पण मेमरी भरतच राहिली. 2021 पासून अर्काइव्ह केलेली चॅट नवा मेसेज आला तरी वर उसळत नाही आणि वाजतही नाही. कुणी तुमचा खास उल्लेख केला किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तरच कळवलं जातं. सेटिंगमध्ये "Chats" च्या आत "Keep chats archived" आहे. ते बंद असेल तर पहिल्याच नव्या मेसेजला चॅट परत मुख्य यादीत येते. आणि अर्काइव्ह म्हणजे कुलूप नव्हे. फोन ज्याच्या हातात, तो दोन टॅपमध्ये तिथे पोचतो, शोधातही ते मेसेज सापडतात. लपवायचं असेल तर चॅट लॉक ही निराळी सोय आहे.

ग्रुपचं डिलीट मात्र वैयक्तिक चॅटसारखं नाही, कारण तिथे आधी ग्रुपमधून बाहेर पडावं लागतं. आता ग्रुप सोडला की फक्त ॲडमिनना कळतं, सगळ्यांना सूचना जात नाही. पण ग्रुपच्या माहितीत जाऊन मागचे सदस्य बघितले तर 60 दिवसांपर्यंत नाव दिसतं. परत यायचं तर कुणीतरी आत घ्यावं लागतं, आणि आधीचे मेसेज काही आपोआप परत येत नाहीत. पाण्याचा टँकर कधी येणार आणि लिफ्ट कधी बंद राहणार हे सोसायटीच्या ग्रुपवरच कळतं, तेव्हा आईला तिथून बाहेर काढू नका. तुमच्या कामाचं आहे ते क्लिअर.

पण ते करण्याआधी माझ्या मावशीच्या फोनची गोष्ट सांगतो, कारण तुम्हीही तिथेच उभे आहात. तिचीही मेमरी भरली होती. रविवारी रात्री तिने एक चॅट दाबून धरली, वर आलेल्या चिन्हांत गोंधळ झाला, आणि भिशीच्या ग्रुपऐवजी तिच्या मुलीची चॅट टिकेसकट क्लिअर झाली. नातवाच्या जन्मापासूनचे फोटो होते त्यात. सोमवारी सकाळी दहाला फोन आला, रडतच.

मी पहिला प्रश्न विचारला तो असा: बॅकअप कधी होतो? अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज पहाटे 2 वाजता फोनमध्येच मेसेजचा बॅकअप घेतं आणि साधारण मागच्या सात दिवसांच्या फाइली ठेवतं. गुगल ड्राइव्हवर मात्र एकच, सगळ्यात ताजा बॅकअप असतो. मावशीचा ड्राइव्हचा बॅकअपही रोजचा होता, म्हणजे सोमवारी पहाटे तो रिकाम्या चॅटसह पुन्हा लिहिला गेला होता. ड्राइव्हमधून रिस्टोअर केलं असतं तर तीच रिकामी चॅट परत आली असती. उरली ती फोनमधली जुनी फाइल. ती इथे असते:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

आत `msgstore.db.crypt14` ही सगळ्यात ताजी, आणि तारीख घातलेल्या जुन्या. शेवटचा आकडा व्हर्जनप्रमाणे 15 ही असू शकतो, तो बदलायचा नाही. मी फाइल मॅनेजरमध्ये प्रत्येक फाइलची वेळ बघितली आणि चूक होण्याच्या आधीची, म्हणजे रविवारी पहाटेची निवडली. आधी `WhatsApp` हा सगळा फोल्डर लॅपटॉपवर कॉपी केला. ही पायरी टाळू नका, ॲप काढताना तो फोल्डरही जाऊ शकतो. मग ताज्या फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवली, निवडलेल्या फाइलच्या नावातली तारीख आणि तिच्यापुढचा `.1` काढून तिला `msgstore.db.crypt14` केलं, ॲप काढून पुन्हा टाकलं, फोल्डर जागेवर आहे याची खात्री केली, आणि त्याच नंबरवर ओटीपी घेतला. नंबर तोच लागतो, दुसऱ्या नंबरवर ती फाइल उघडत नाही. गुगल खात्याची परवानगी मागितली तेव्हा दिली नाही, म्हणजे ड्राइव्हचा रिकामा बॅकअप पुढे येऊ नये. मग रिस्टोअर.

मेसेज आले, अगदी पहिल्यापासून. पण फोटोंच्या जागी धूसर ठसे. त्यावर बोट ठेवलं की फोटो मिळत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, असं उत्तर. कारण त्या बॅकअप फाइलमध्ये मेसेज असतात, फोटोंच्या फाइली नसतात, आणि त्या तर टिकेने पुसल्या गेल्या होत्या. शेवटी कामाला आलं ते सुरुवातीला सांगितलेलंच: मुलीच्या फोनमधलं काही गेलं नव्हतं. तिने तिकडून दोन संध्याकाळ बसून फोटो परत पाठवले. मावशीचे रविवार पहाटेनंतरचे सगळ्या चॅटमधले मेसेज मात्र गेले, कारण जुन्या फाइलवर गेलं की मधला काळ पुसला जातो. आयफोनवर अशी रोजची फाइल फोनमध्ये नसते, आयक्लाउडवरचा शेवटचा बॅकअप एवढंच असतं, त्यामुळे तिथे ही वाटही नाही.

आता आईच्या फोनवर हे असं करा. आधी मामांची चॅट दाबून धरा आणि वर खालच्या दिशेने बाण असलेलं खोक्याचं चिन्ह येईल ते दाबा, कचऱ्याच्या डब्याचं नाही. ती चॅट आता अर्काइव्हमध्ये गेली, म्हणजे मुख्य यादीत काम करताना बोट चुकूनही तिच्यावर पडणार नाही. मावशीच्या प्रसंगानंतर मी कुणाचाही फोन साफ करायला घेतला की हे पहिलं करतो. मामांच्या चॅटमधले फोटो लॅपटॉपवर कॉपी करून ठेवा.

मग क्लिअर न करता आधी सेटिंगमध्ये "Storage and data" आणि त्यात "Manage storage" उघडा. तिथे कुठल्या चॅटने किती जागा घेतली ते मोठ्यापासून लहानापर्यंत दिसतं, आणि 5 एमबीहून मोठ्या फाइली वेगळ्या काढून दाखवतात. सोसायटीचा ग्रुप वरतीच असेल. आत जाऊन सुप्रभातवाले व्हिडिओ निवडा आणि काढा. मेसेज राहतात, पाणीपट्टीच्या नोटिसा राहतात, जागा मोकळी होते. खूपदा एवढ्यावरच भागतं आणि क्लिअरची गरजच पडत नाही. तरी नाहीच भागलं, तर ग्रुप उघडून तीन टिंबं, "More", "Clear chat", आणि मीडियाची टिक लावून पुसा. दाबण्याआधी वरती ग्रुपचं नाव मोठ्याने वाचा, आईलाही वाचायला सांगा.

शेवटी त्याच "Storage and data" मध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होण्याची सेटिंग आहे. मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्हीकडे व्हिडिओची टिक काढा. आईला हवा तो व्हिडिओ ती बोट ठेवून उतरवेल, बाकीचे फोनमध्ये शिरणारच नाहीत.

एक सांगायचं राहिलं. आई टेलिग्रामही वापरत असेल तर तिथे हे सगळं जसंच्या तसं लावू नका. तिथे दोघांच्या खासगी चॅटमध्ये डिलीट करताना समोरच्याकडूनही काढायची टिक येते, आणि 2019 पासून कितीही जुने मेसेज तसे दोन्हीकडून काढता येतात. तिथे ती टिक लागली, तर मामांकडे परत मागायलाही काही उरणार नाही.