पतसंस्थेचा एक रिपोर्ट आणि फ्रेशरची लायकी

प्रश्न: दोन इंटर्नशिप आणि तीन प्रोजेक्ट झालेत, पण नोकरीचा अनुभव शून्य. ज्युनिअर सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या जागेला मी बसतो का, हे कसं ओळखायचं?

मी मूळचा परभणीचा. पुण्यात जावा डेव्हलपर आहे आणि फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. अनुभवाचा रकाना रिकामा आहे म्हणून खचू नका, इंटर्नशिप किती झाल्या तेही मोजू नका. स्वतः हात घातलेलं एक काम घ्या. काय बिघडलं होतं, कारण कसं सापडलं, दुरुस्ती बरोबर आहे याची खात्री कशी केली, हे दहा मिनिटं न अडखळता सांगता येतं का ते बघा.

मागच्या भरतीत नांदेडची एक मुलगी आली होती. तिथल्याच एका बारक्या फर्ममध्ये तिची इंटर्नशिप झाली होती. ही फर्म पतसंस्थांना सॉफ्टवेअर करून देते. मुलीला एकच काम मिळालं होतं, खातेनिहाय शिल्लक दाखवणारा रिपोर्ट आणि खतावणी यांच्यात पैशांची तफावत येते ती शोधायची. माझ्यासोबत पॅनलवर असलेल्या सहकाऱ्याने रेझ्युमे बघूनच म्हटलं, "दोन महिन्यांत एक रिपोर्ट? गल्लीतल्या दुकानातली इंटर्नशिप आहे ही, सोडून द्या."

मी तिला म्हटलं, पहिल्यापासून सांग. ती म्हणाली, "सर, बारक्या खात्यांचं जुळायचं, मोठ्या खात्यांचं काही केल्या जुळायचं नाही." तिचा तपास इथूनच सुरू झाला होता. बेरजेचा कोड चुकीचा असता तर लहान खात्यांतही फरक दिसला असता. म्हणून तिने कोड बाजूला ठेवून टेबल उघडलं. रकमेचा कॉलम `FLOAT` होता. त्यांच्या डेटाबेसच्या `FLOAT` मध्ये साधारण सातच अंक खात्रीने टिकतात, त्यामुळे 12,34,567.89 ही रक्कम आत 12,34,567.875 होऊन बसते. शिल्लक लाखांत गेली की पैसे हलायला लागतात.

पुढचं मला जास्त आवडलं. कॉलम `DECIMAL(15,2)` केला की काम झालं, असं तिला वाटलं नाही. एकदा उडालेले पैसे कॉलमचा प्रकार बदलल्याने परत येत नाहीत. म्हणून तिने डेटाबेसची प्रत काढली आणि शिल्लक मूळ व्यवहारांवरून पुन्हा मोजली. मोठ्या रकमांच्या नोंदी कागदी व्हाउचरशी ताडून पाहिल्या आणि मगच फर्ममधल्या सरांना दाखवलं. जावातही रकमेसाठी `double` होतं, तिथे `BigDecimal` घातलं. आमच्याकडे रुजू झालेल्या माणसाला पहिल्या वर्षात हेच करावं लागतं.

त्याच दिवशी पैसे भरून केलेल्या तीन ऑनलाइन इंटर्नशिपची सर्टिफिकेटं घेऊन एक मुलगा आला होता. त्याच्या प्रोजेक्टमध्ये खरेदीचं संकेतस्थळ होतं. शेवटचा एकच नग उरलाय आणि दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर काय होईल, असं मी विचारलं. त्याच्या कोडमध्ये आधी शिल्लक वाचायची, मग एक वजा करून लिहायची, अशी रचना होती. म्हणजे दोघांनाही एकच नग विकला जाणार. खरं तर एवढंच पुरतं:

```sql
UPDATE vastu SET shillak = shillak - 1
WHERE id = ? AND shillak > 0;
```

किती ओळी बदलल्या ते तपासायचं. शून्य आलं तर माल संपला. त्याला हे माहीत नव्हतं याचं मला काही वाटलं नाही. पण त्याला प्रश्नच समजला नाही, कारण कोड व्हिडिओ बघून उतरवलेला होता. सहकाऱ्याचा कल मात्र शेवटपर्यंत त्याच्याकडेच होता. पैसे भरून मिळणारी इंटर्नशिप माझ्या लेखी शून्य आहे, हे मी सहकाऱ्याला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. काम कुठे झालं याला महत्त्व नाही, नांदेडच्या दुकानात खऱ्या लोकांचे पैसे त्या रिपोर्टवर अवलंबून होते.

तर जाहिरात समोर ठेवा. भाषा, एसक्यूएल आणि मुख्य फ्रेमवर्क या तीन गोष्टींबद्दल अशी एकेक हकिकत तुमच्याकडे असेल तर बेधडक अर्ज करा. डॉकर, क्लाउड वगैरे येत नसेल तरी अडत नाही, ते आम्ही शिकवतो. हकिकत एकाच गोष्टीची असेल तर जुना प्रोजेक्ट उघडा, त्यात दोन ब्राउझरमधून एकदम तीच नोंद बदला आणि काय मोडतं ते दुरुस्त करा. नवा चौथा प्रोजेक्ट करू नका.

एक सांगायचं राहिलं. शेकड्याने भरती करणाऱ्या मोठ्या कंपन्यांत आधी टक्के, बॅकलॉग आणि ॲप्टिट्यूड चाचणी बघतात. तिथे ही हकिकत सांगायची वेळ फार उशिरा येते. आणि जाहिरातीत "किमान 2 वर्षे" असेल तर इंटर्नशिप सहसा त्यात धरत नाहीत. "0 ते 1 वर्ष" लिहिलेलं असेल तर ती जागा तुमच्यासाठीच आहे.

त्या मुलीला आम्ही घेतलं. सहकाऱ्याला ते अजून पटलेलं नाही, पण आता पैशांचा हिशोब असलेलं काम आलं की तोही आधी तिलाच विचारतो.