अपस्केलिंग वेगळं, प्रक्षिप्त फ्रेम वेगळी

प्रश्न: गेमच्या सेटिंगमधल्या अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन या दोन्हींना 'चित्रवर्धन' म्हटलं तर चालेल का? दोन्हींनी एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचा आकडाच वाढतो ना?

नाही चालणार. आकडा दोन्हींनी वाढतो, पण एकात चित्र मोठं होतं आणि दुसऱ्यात चित्रांची संख्या वाढते. हाताला जाणवणारा फरक तिथूनच सुरू होतो.

अपस्केलिंगला 'चित्रवर्धन' शोभतं. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. एनव्हिडियाच्या डीएलएसएस या अपस्केलिंग तंत्राच्या परफॉर्मन्स मोडमध्ये ग्राफिक्स कार्ड १०८०पी, म्हणजे त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकेच ठिपके काढतं. उरलेला तपशील आधीच्या फ्रेममधून येतो: दर फ्रेमला कॅमेऱ्याचा नेम ठिपक्याच्या आतल्या आत किंचित सरकवलेला असतो, त्यामुळे अनेक फ्रेम मिळून बारकावे जमत जातात. काम हलकं झाल्यामुळे खऱ्या फ्रेम वाढतात आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा विलंब सहसा कमीच होतो. किंमत चित्रात मोजावी लागते. पात्र पळत पुढे गेलं की त्याच्यामागे नुकत्याच उघड्या पडलेल्या भिंतीचा जुना तपशील कुठेच साठलेला नसतो. तिथे कडा खरबरीत दिसते, किंवा पात्राची पुसट सावली मागे रेंगाळते. विजेच्या तारा, जाळीचं कुंपण अशा बारीक गोष्टींत हे आधी दिसतं.

फ्रेम जनरेशनसाठी मात्र आपल्याकडे नेमका शब्द आधीपासून आहे: प्रक्षिप्त. पोथीत मूळ कवीच्या नसलेल्या, मागाहून मध्ये घातलेल्या ओव्यांना आपण प्रक्षिप्त म्हणतो. ही फ्रेमही तशीच. गेमने ती रचलेली नसते, दोन खऱ्या फ्रेम पाहून मध्ये बसवलेली असते.

आणि 'मध्ये' या शब्दातच विलंबाचं कारण आहे. समजा खऱ्या फ्रेम सेकंदाला ६० आहेत, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक. मधली फ्रेम काढायला पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते. म्हणून ती तयार झाली तरी रोखून धरायची, आधी प्रक्षिप्त दाखवायची आणि मग साधारण ८ मिलिसेकंदांनी खरी. मधली फ्रेम बनवायला लागणारा वेळ वेगळाच. पडद्यावर १२० दिसतात, पण तुमचं बटण गेम ६० वेळाच वाचतो. मुळात ३० फ्रेम असतील तर रोखून धरण्याचा हाच वेळ दुप्पट होतो, आणि दोन खऱ्या फ्रेममधलं अंतर मोठं असल्याने मधल्या चित्रातल्या चुकाही ठळक होतात.

पारख करायची तर माउस झटक्यात फिरवून पाहा. दृश्य गुळगुळीत सरकतंय पण हाताच्या मागे राहतंय असं वाटलं, तर वाढलेला आकडा प्रक्षिप्त आहे. मी तरी मूळ ६० फ्रेम असल्याशिवाय तो पर्याय चालू करत नाही.

'इनपुट डिले'ला 'दिरंगाई' म्हणू नका, त्यात कुणाच्या तरी आळसाचा वास येतो. 'प्रतिसाद-विलंब' नीट बसतो.