वळणात विमान जड होतं, हे आधी समजून घे

चार बलांची ती आकृती तू पाठ केलीस, ते ठीक. पण ती सरळ, एकाच उंचीवर, एकाच वेगाने जाणाऱ्या विमानाची आहे. तिथे वर उचलणारी लिफ्ट वजनाइतकी आणि पुढे ढकलणारा थ्रस्ट मागे खेचणाऱ्या ड्रॅगइतका. खरी गंमत वळणात कळते.

लिफ्ट नेहमी पंखांना काटकोनात असते. विमान कललं की तीही कलते. मग तिचा काही भाग विमानाला वळवण्यात जातो आणि वजन पेलायला कमी उरते. उंची टिकवायची तर एकूण लिफ्ट वाढवावी लागते, म्हणून आपण स्टिक मागे ओढतो.

समजा, विमान 1000 किलोचं आहे आणि सरळ उड्डाणात 50 नॉटला स्टॉल होतं, म्हणजे त्याहून हळू गेलं तर पंख त्याला पेलू शकत नाहीत. 60 अंश कललास तर पंखांना 2000 किलोइतका भार उचलावा लागतो. स्टॉलचा वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो आता सुमारे 71 नॉट. तू 65 ने जात असशील तर आकाशातून घसरलास! 30 अंशांत मात्र तो जेमतेम 54 होतो.

शिवाय 60 अंशांच्या वळणात लिफ्टमुळे येणारा ड्रॅग त्याच वेगाला चौपट होतो. थ्रॉटल वाढवला नाहीस तर वेग आपोआप पडतो, नेमका नको तेव्हा.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे, बरं का. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन फार वाढला की पंखावरची हवा सुटते. विमान थरथरू लागलं की आधी स्टिक पुढे सोड, मग पंख सरळ कर.