कटआउट, हाताने की थ्रीडी?

सप्रेम नमस्कार,

तुझ्या अ‍ॅनिमेशनपटाचा स्टोरीबोर्ड पाहिला. आजी, नातू आणि साप. साप चावल्यावर घट्ट दोरी न बांधता थेट दवाखाना गाठायचा, एवढंच दीड मिनिटात सांगायचं आहे. माणसं तीन, वेळ सहा आठवडे. तुला प्रत्येक फ्रेम हाताने काढायची आहे, हे चित्रांवरूनच कळतं. तरी आधी हिशेब मांडू.

सेकंदाला 24 फ्रेम्स, एक चित्र दोन फ्रेम्सना धरलं तरी 90 सेकंदांना 1080 चित्रं. कच्चं रेखाटन, सफाई आणि रंग धरून एकाच्या हातून दिवसाला बारा पूर्ण चित्रं होतील असं समज. काढणारे दोघं, म्हणजे 45 दिवस. पहिला आठवडा अ‍ॅनिमॅटिकला, म्हणजे बोर्डातली चित्रं वेळेत बसवून बघायला, आणि शेवटचा आवाज-दुरुस्त्यांना गेला की हातात उरतात जेमतेम 24. शिवाय बऱ्याच चौकटींत पात्रं दोन आहेत.

थ्रीडीत लोक रेंडरला, म्हणजे मशीनने अंतिम फ्रेम्स काढायला लागणाऱ्या वेळाला, घाबरतात. फ्रेमला दोन मिनिटं लागली तर तुझ्या 2160 फ्रेम्स एका मशीनवर तीन दिवसांत निघतील. खरी अडचण आजीचं नऊवारी आहे. मॉडेल, ते हलवणारा सांगाडा म्हणजे रिग, आणि त्या निऱ्या नीट बसेपर्यंत एक सेकंदही हलणार नाही, आणि एवढी मेहनत दीड मिनिटासाठी. दहा भागांची मालिका असती तर मी थ्रीडीच सुचवलं असतं.

म्हणून कटआउट: अवयवांचे सुटे तुकडे एकदाच काढायचे, सांध्यांत जोडायचे आणि हलवायचे. पण तुझ्या बोर्डात आजी चार वेळा गर्रकन वळते, आणि कटआउट नेमकं तिथेच फसतं. पुढून काढलेले तुकडे फिरवून पाठमोरी आजी होत नाही; प्रत्येक कोनाला नवी चित्रं लागतात. तीन वळणं कट देऊन टाळता येतील: आधी तिचा चेहरा, मग थेट साप. चौथं, साप दिसताच दचकून वळणं, हाताने काढ. वळण आणि पुढची धडपड मिळून चार सेकंद, म्हणजे 48 चित्रं. दोघांना दोन दिवस. तुझी हौसही तिथे भागेल. साप वक्ररेषेवर वाकवता येतो, त्यामुळे तो स्वस्तात होईल.

पूर्ण रिग बांधण्याआधी एकच शॉट करून बघ: आजी खाली बसून नातवाचा पाय धरते तो. कोपर आणि गुडघा पूर्ण दुमडले की सांध्यात फट पडते किंवा बाह्यरेषा आडवी कापलेली दिसते. तसं झालं तर सांध्याची दोन्ही टोकं गोल ठेवून एकमेकांवर चढव. तरीही जमलं नाही तर दुमडलेला पाय वेगळा काढून त्या क्षणी बदल. हाताचे पंजेही असेच चार-पाच तयार ठेव. आणि सगळे अवयव एकाच वेळी सुरू होऊन एकाच वेळी थांबले तर आजी पाण्यात तरंगल्यासारखी दिसेल. आधी डोकं, मग खांदा, मग हात, असं मागेपुढे कर.

संस्थेकडून अ‍ॅनिमॅटिक लेखी मंजूर करून घे. नंतर लुगड्याचा रंग बदलायला सांगितला तर रिगमध्ये तो एकदाच बदलावा लागेल, त्या 48 चित्रांत मात्र प्रत्येकात. ती चित्रं रंगवायला शेवटी घे.