काम लेखी सोपवताना नेमकं काय लिहायचं?

"मी पाच जणांची टीम सांभाळते. काम सोपवताना लांबलचक ईमेल लिहिते, तरी शेवटी भलतंच काहीतरी हातात येतं, नाहीतर दर दोन तासांनी 'हे करू का?' असा मेसेज येतो. लेखी काम देताना चुकतंय कुठे?"

तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ वेगळं आहे. भलतंच हातात येतं, कारण काम पूर्ण झाल्यावर काय दिसलं पाहिजे हे ईमेलमध्ये नसतं. आणि 'हे करू का?' येतं, कारण कुठले निर्णय स्वतः घ्यायचे हे कुणी सांगितलेलं नसतं. बहुतेक लांब ईमेल कामाची पार्श्वभूमी सांगण्यातच संपतात. माझेही तसेच असायचे.

ग्राहकांची जुनी यादी नव्या सिस्टीममध्ये हलवायची होती, साधारण चार हजार नोंदी. मी एका सहकारी बाईंना लिहिलं: "यादीची साफसफाई करून महिनाअखेरपर्यंत नव्या सिस्टीममध्ये टाका. काही अडलं तर विचारा." त्यांनी मन लावून काम केलं. एकच फोन नंबर दोनदा दिसला की जुनी नोंद काढून टाकली. पण एकाच कार्यालयातले दोन वेगळे ग्राहक एकच नंबर देतात, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. शेकडो खऱ्या नोंदी गेल्या. मूळ फाइलची प्रत होती म्हणून वाचलो. त्यातून 'महिनाअखेर' म्हणजे माझ्या मनात २५ तारीख होती, त्यांच्या मनात ३० तारखेची संध्याकाळ.

यात सगळ्यात वाईट वाक्य 'काही अडलं तर विचारा' हे होतं. त्या कुठे अडल्याच नव्हत्या! चुकीचा निर्णय पूर्ण खात्रीने घेणाऱ्या माणसाला आपण अडलोय असं वाटतच नाही. म्हणून कधी विचारायचं हे त्याच्या वाटण्यावर सोडून चालत नाही, ते आधी लिहावं लागतं.

पुढे दुसऱ्या विभागाची तशीच यादी हलवायची वेळ आली, तेव्हा त्याच बाईंना मी हे पाठवलं:

"कशासाठी: १ तारखेपासून फोन घेणारे सगळे फक्त नवी सिस्टीम वापरतील. ग्राहकाचा फोन आला की त्याची नोंद पहिल्याच शोधात सापडली पाहिजे.

पूर्ण कधी म्हणायचं: जुन्या यादीतली प्रत्येक नोंद तीनपैकी एका ठिकाणी असेल: हलवलेली, दुसरीत मर्ज केलेली, किंवा कारण लिहून बाजूला ठेवलेली. तिन्हींची बेरीज जुन्या आकड्याशी जुळेल.

मुदत: गुरुवार २४, दुपारी ४. जुनी सिस्टीम ३० ला बंद होते, मधले दिवस दुरुस्तीसाठी आहेत. तारीख हुकणार असं ज्या दिवशी वाटेल त्याच दिवशी सांगा.

तुम्हीच ठरवा, सांगायची गरज नाही: कामाचा क्रम, पत्ते लिहायची पद्धत, उघड टायपिंगच्या चुका.

करा आणि आठवड्याच्या शेवटी कळवा: नाव, फोन आणि पत्ता तिन्ही जुळत असतील तर मर्ज. आयटीच्या सहकाऱ्यांचे एकूण ६ तास वापरा.

आधी विचारा: काहीही कायमचं पुसणं, कुठल्याही ग्राहकाशी संपर्क, सिस्टीममध्ये नवा रकाना.

भेट: सोमवार ७, पहिल्या २०० नोंदी झाल्यावर, १५ मिनिटं. मग गुरुवार १७."

कुठली गोष्ट कुठल्या कप्प्यात टाकायची, हे ठरवताना मी दोनच प्रश्न विचारतो. चूक झाली तर ती परत फिरवता येते का? आणि तिची झळ टीमबाहेरच्या कुणाला बसते का? पत्त्याची पद्धत उद्या बदलता येते, म्हणून ती त्यांची. पुसलेली नोंद किंवा ग्राहकाला गेलेला ईमेल परत घेता येत नाही, म्हणून आधी विचारा. माणूस नवखा असेल तर मधला कप्पा मोठा ठेवावा. घाबरून सगळंच तिसऱ्यात टाकलं, तर तुमचे दर दोन तासांचे मेसेज तिथूनच येतात.

'६ तास' ही ओळ लिहून भागलं नाही. आयटीच्या सहकाऱ्याला ते माहीतच नसेल तर तो म्हणणार, "साहेबांना विचारतो." म्हणून तो ईमेल त्यालाही सीसी केला. अधिकार कुणाला दिलाय हे समोरच्या पक्षाला कळलं नाही तर तो कागदावरच राहतो. हे मी बऱ्याच उशिरा शिकलो.

भेटीची वेळ ठरवताना लोक मुदतीच्या मध्यावरची तारीख टाकतात. मला पहिली भेट फार लवकर हवी असते. २०० नोंदींवर चूक सापडली तर एका दिवसाचं काम फुकट जातं, २,००० वर सापडली तर त्याच्या दहापट. आणि त्या भेटीत "कसं चाललंय?" विचारू नका, उत्तर "ठीक" असंच येतं. मी म्हणालो, "ज्या दहा नोंदींवर तुम्ही सगळ्यात जास्त विचार केलात त्या दाखवा." गोंधळ असतो तो तिथे दिसतो.

शेवटी ५० नोंदी मी स्वतः शोधून बघायचं ठरवलं होतं. त्यावर एका सांख्यिकीवाल्या मित्राने टोकलं: ५० मध्ये एकही चूक सापडली नाही तरी एकूण यादीत ६ टक्क्यांपर्यंत चुका असू शकतात. चार हजारांत त्या २४० होतात. म्हणून सगळीकडून ५० उचलण्याऐवजी मर्ज केलेल्या नोंदी जास्त तपासल्या, कारण धोका तिथेच होता.

अजून एक. पाठवल्यावर "समजलं ना?" विचारलं की "हो" येणारच. मी उत्तरात चार ओळी मागतो: पहिल्या दिवशी काय कराल, आणि मला कधी विचाराल? बाईंनी परत लिहिलं, "फोन, पत्ता जुळतोय पण नावाचं स्पेलिंग वेगळं असेल, तर मर्ज की बाजूला?" हे मला सुचलंच नव्हतं. 'बाजूला' असं ठरलं, ती ओळ मूळ ईमेलमध्ये घातली आणि वर तारीख टाकली.

काम सुरू झाल्यावर पहिल्या कप्प्यातला प्रश्न आला तर उत्तर देऊ नका, अगदी जिभेवर असलं तरी. "हे तुमच्याकडे आहे" एवढंच लिहा. एकदा उत्तर दिलंत की तो निर्णय पुन्हा तुमच्या टेबलावर आला. मात्र तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला तर माणसाला दोष न देता आपली ओळ पुन्हा वाचावी. ती बहुधा दोन अर्थांची निघते.

अर्ध्या तासाच्या कामाला एवढा पसारा अर्थातच नको. तिथे काय हवं आणि किती वाजता, या दोन ओळी पुरतात.

त्या खेपेला जुन्या यादीत ४,११२ नोंदी होत्या. ३,६८९ हलल्या, ३५२ मर्ज झाल्या, ७१ बाजूला राहिल्या. फाइल आली बुधवारी २३ ला. त्या ७१ वर आम्ही दोघांनी मिळून एक दुपार घालवली.