फेटाळलेल्या प्रवासभत्त्याचा फेरअर्ज

प्रिय मित्रा,

तुझं टीए बिल लेखा शाखेतून परत आल्याचं कळलं. "व्हाउचर नाही, सबब अमान्य" एवढाच शेरा आहे म्हणालास. हाच शेरा २०१९ च्या नोव्हेंबरात माझ्या बिलावर होता. केंद्र सरकारच्या नोकरीत असल्यामुळे आपल्याला नियम एकच लागू आहेत, म्हणून ते प्रकरण तपशिलात सांगतो.

मी पुण्याहून नागपूरला चार दिवस, तीन रात्रींच्या दौऱ्यावर गेलो होतो. रेल्वेचं भाडं आणि जेवणाची ठोक रक्कम मंजूर झाली, पण लॉजचे २,१०० आणि रिक्षाचे ७८० रुपये कापले गेले. लॉजची पावती हाताने लिहिलेली होती आणि तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. रिक्षाची पावती तर कोणी देतच नाही. मला राग आला होता. त्या भरात मी पहिला मसुदा लिहिला, त्यात "अन्याय" हा शब्द तीनदा होता आणि नियम एकही नव्हता. तो फाडून टाकला.

नियम होता अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाच्या १३ जुलै २०१७ च्या कार्यालयीन ज्ञापनात. वेतनस्तर ८ आणि त्याखालच्या कर्मचाऱ्याला मर्यादेतला हॉटेलखर्च आणि शहरातला प्रवासखर्च व्हाउचरशिवाय, स्वतःच्या प्रमाणपत्रावर मिळतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे ज्या कारणाने बिल नाकारलं, ते कारणच माझ्या स्तराला लागू नव्हतं. तुझा स्तर आधी तपास. ९ किंवा वरचा असेल तर हा मुद्दा तुला वापरता येणार नाही, पावतीच लागेल.

मात्र प्रमाणपत्र म्हणजे नुसतं "खर्च केला" असं लिहून सही करणं नव्हे. हॉटेलसाठी राहण्याचा कालावधी आणि ठिकाणाचं नाव लागतं, प्रवासासाठी प्रवासाचा काळ आणि वाहन क्रमांक. माझी खरी चूक इथे होती. मूळ बिलात मी यातलं काहीच लिहिलं नव्हतं. डायरीत दोनच रिक्षांचे नंबर सापडले, तेवढेच लिहिले. उरलेल्या दोन दिवसांसाठी "क्रमांक नोंदवलेला नाही" असं सरळ लिहून यूपीआयच्या नोंदी जोडल्या. आठवून आठवून खोटा नंबर घालू नकोस. एक नंबर खोटा निघाला की बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास जातो.

मग हिशेब पुन्हा केला. स्तर ६ ते ८ साठी तेव्हा हॉटेलला दिवसाला ७५० आणि शहरप्रवासाला २२५ रुपयांची मर्यादा होती. लॉजचं भाडं ७०० होतं, ते बसलं. रिक्षाचे चार दिवसांचे १८०, २९०, १५० आणि १६० होते. २९० पैकी ६५ मर्यादेबाहेर, ते मी स्वतःहून सोडले. उरले ७१५. एकूण मागणी २,८१५. महागाई भत्त्याबरोबर या मर्यादा वाढतात, म्हणून तुझ्या दौऱ्याच्या तारखेला लागू असलेला दर काढ, माझे आकडे उचलू नकोस.

पावती नियमाने लागत नव्हती, तरी जोडली. जीएसटीबद्दल एक ओळ घातली: त्या काळी दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी नव्हताच, त्यामुळे जीएसटीचं बिल नाही म्हणून पावती संशयास्पद ठरत नाही. (ही सूट जुलै २०२२ मध्ये गेली.)

मुदतीकडे मात्र आजच बघ. दौरा संपल्यापासून ६० दिवसांत दावा सादर व्हावा लागतो. फेरअर्ज पोचेपर्यंत दिवस उलटून जातात आणि मग "मुदतबाह्य" हा नवा शेरा येतो. माझा पहिला दावा बाविसाव्या दिवशी दिलेला होता, म्हणून त्याचा आवक क्रमांक आणि तारीख मी फेरअर्जाच्या पहिल्याच वाक्यात लिहिली. तुझ्या प्रतीवर आवक शिक्का आहे ना? नसेल तर उद्या सकाळी आवक-जावक नोंदवहीत बघून क्रमांक उतरवून घे.

शेवटचा परिच्छेद असा होता, शब्द हवे तर तसेच घे:

"तरी वरील ज्ञापनानुसार निवासाचे रु. २,१०० व स्थानिक प्रवासाचे रु. ७१५, एकूण रु. २,८१५ मंजूर करावेत. हे मान्य नसल्यास कोणत्या नियमानुसार अमान्य, ते लेखी कळवावे, ही विनंती."

"योग्य ती कार्यवाही व्हावी" असं लिहू नकोस. त्यावर काय करायचं ते टेबलावरच्या माणसाला ठरवावं लागतं आणि फाइल तिथेच पडून राहते. रक्कम लिहिलीस की त्याला फक्त होय किंवा नाही म्हणायचं उरतं, आणि नाही म्हणायला नियम शोधावा लागतो.

अर्ज एका पानात बसव. ज्ञापनाची प्रत जोड आणि तो परिच्छेद पेन्सिलने खुणावून ठेव. माझे पैसे पुढच्या महिन्यात आले.

मसुदा झाला की पाठव, सही करण्याआधी मी वाचतो.

तुझा,
जुना सहकारी