४.२० टक्क्यांचं टी-बिल की ४.२५ टक्क्यांची सीडी?

"आम्ही न्यू जर्सीत राहतो. सात महिन्यांनी घर घ्यायचंय. डाउन पेमेंटपैकी ५०,००० डॉलर २६ आठवड्यांच्या टी-बिलमध्ये ठेवणार होतो, पण तिथे दर ४.२० टक्के दिसतो आणि बँकेची सहा महिन्यांची सीडी ४.२५ टक्के देते. सीडीच बरी ना? उरलेले ३०,००० ओळखीच्या एजंटने इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ या आयुर्विमा पॉलिसीत घातले. पॉलिसी परवाच हातात आली. पैसे कधीही काढता येतील म्हणाला."

सीडी, म्हणजे बँकेतली मुदत ठेव, नको; टी-बिल, म्हणजे अमेरिकी सरकारचं अल्पमुदतीचं कर्जपत्र, घ्या. ४.२० हा डिस्काउंट रेट आहे. तो तुम्ही भरलेल्या रकमेवर नव्हे, तर शेवटी मिळणाऱ्या १०० डॉलरवर मोजतात आणि वर्षही ३६० दिवसांचं धरतात. १८२ दिवसांची सूट होते ४.२० × १८२ ÷ ३६०, म्हणजे सुमारे २.१२ डॉलर. किंमत झाली ९७.८८.

आता तुमच्या बाजूने हिशेब करा. ९७.८८ गुंतवून २.१२ मिळाले, म्हणजे १८२ दिवसांत २.१७ टक्के. त्याला ३६५ ÷ १८२ ने गुणलं की ४.३५ टक्के. टी-बिलच्या लिलावाच्या निकालात High Rate, म्हणजे हा डिस्काउंट रेट, आणि त्याच्या शेजारी Investment Rate छापलेला असतो, तो हाच. सीडीशी तुलना त्याची करायची. (५२ आठवड्यांच्या बिलाला मात्र हे साधं सूत्र चालत नाही, तिथे छापलेला आकडाच घ्या.)

डॉलरमध्ये पाहा: ५०,००० च्या बिलाला तुम्ही ४८,९३८ भराल आणि १,०६२ कमवाल. तेवढ्याच रकमेवर सीडी साधारण १,०२५ देईल, आणि त्यावर न्यू जर्सी राज्याचा कर लागेल. टी-बिलच्या व्याजावर राज्याचा कर नाही. सगळं धरून फरक शंभर डॉलरच्या आसपास.

पण शंभर डॉलरचा काथ्याकूट करताना तुम्ही ३०,००० अडकवून बसलात! सात महिन्यांनी लागणारा पैसा आयुर्विमा पॉलिसीत घालायला सांगणं हे सरळसरळ चुकीचं विकणं आहे. हप्त्यातून आधी कमिशन आणि विम्याचा खर्च कापला जातो. मग सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी लवकर सोडल्याचा दंड, जो बहुतेक पॉलिसींत दहा-पंधरा वर्षं चालतो आणि सुरुवातीला सर्वांत जास्त असतो. पहिल्याच वर्षी बाहेर पडलात तर हप्त्याचा मोठा भाग गेला समजा. "कधीही काढता येतील" म्हणजे किती काढता येतील, हे त्याने सांगितलं नाही. पॉलिसीतला सरेंडर व्हॅल्यूचा तक्ता उघडा, पहिल्या वर्षाची ओळ वाचा.

सुटका अजून आहे. पॉलिसी हाती आल्यावर फ्री लूकची मुदत असते, बहुधा किमान दहा दिवस. नेमके दिवस पहिल्या पानावर सापडतील. त्या मुदतीत परत केली तर पूर्ण हप्ता परत मिळतो. एजंटला फोन करू नका, तो दिवस घालवेल. आजच थेट कंपनीला लेखी कळवा, पॉलिसी पोच मिळेल अशा टपालाने परत पाठवा आणि प्रती जपून ठेवा. पैसे आले की १७ आठवड्यांचं बिल घ्या. घराच्या व्यवहाराआधी ते मोकळं होईल.